रिफंड ‘झाला’ म्हणतात, मग पैसे आहेत कुठे?

ऐरोलीला एका पेमेंट गेटवे कंपनीत मी रिफंडचं काम बघते. ऑनलाइन दुकानं आमची गिऱ्हाईकं. त्यांनी परत केलेले पैसे माणसाच्या खात्यापर्यंत पोचले की नाही हे तपासणं आणि अडकले असतील तर कुठे अडकले ते शोधणं, एवढंच माझं काम. राहते कळव्याला, खारीगावात. त्यामुळे ऑफिस सुटलं तरी काम सुटत नाही. बिल्डिंगमध्ये कुणाचाही रिफंड अडकला की बेल माझ्या दाराची वाजते.

गेल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांनी आणि त्यांच्या जावेने मिळून एकाच दुकानातून भांड्यांच्या दोन स्टीलच्या मांडण्या ऑनलाइन मागवल्या होत्या. एकाच मापाच्या, एकाच किमतीच्या, प्रत्येकी २,३४० रुपये. भिंतीला माप लागेना म्हणून दोन्ही एकाच दिवशी परत केल्या. जावेचे पैसे रविवारी सकाळी आले, काकूंचे बुधवार उजाडला तरी नाहीत.

“अगं, देताना एका सेकंदात गेले. येताना काय बैलगाडीने येतात का?”

फरक एवढाच होता की जावेने यूपीआयने पैसे भरले होते आणि काकूंनी डेबिट कार्डाने. या दोन मांडण्यांच्या मागे मागे गेलं की रिफंडचं जवळजवळ सगळं गणित कळतं. पण त्याआधी एक गोष्ट वेगळी काढायला हवी.

आधी ठरवा: तुमचा रिफंड आहे की फसलेलं पेमेंट?

लोक दोन्हीला रिफंडच म्हणतात, पण नियम वेगळे आहेत. खात्यातून पैसे कापले गेले आणि दुकानदाराकडे पोचलेच नाहीत, तर ते फसलेलं पेमेंट. व्यवहार पूर्णच झालेला नाही, म्हणून पैसे बँकेच्या व्यवस्थेने आपोआप उलटे फिरवायचे असतात. दुकानदाराने काही करायचं नसतं. त्याला अनेकदा या व्यवहाराचा पत्ताही नसतो.

यासाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये मुदती ठरवून दिल्या. यूपीआयने माणसाकडून माणसाला पाठवलेले पैसे अडकले तर व्यवहाराच्या दिवसानंतर १ दिवसात परत यायला हवेत. यूपीआयने दुकानात दिलेले, ऑनलाइन कार्डाने भरलेले किंवा एटीएममधून न निघताच कापले गेलेले पैसे असतील तर ५ दिवसांत. मुदत उलटली की पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती तक्रारीची वाट न बघता खात्यात जमा करायची असते.

समजा, सोमवारी गावदेवीच्या भाजीमार्केटात ६४० रुपये यूपीआयने दिले, तुमचे कापले गेले आणि भाजीवाल्याच्या साउंडबॉक्सने तोंड उघडलं नाही. शेवटी त्याला रोख दिलेत. आता सोमवारनंतर ५ दिवस, म्हणजे शनिवारपर्यंत पैसे परत यायला हवेत. ते पुढच्या मंगळवारी आले, तर रविवार, सोमवार, मंगळवार असे तीन दिवस उशीर झाला आणि ३०० रुपये भरपाई बसते. इथे सुट्टीचे दिवसही मोजायचे.

काकूंचं पेमेंट मात्र फसलेलं नव्हतं. दुकानदाराला पैसे मिळाले, त्याने माल पाठवला, मग माल परत घेतला. हा खरा रिफंड, आणि त्याला वरचे शंभर रुपये लागू होत नाहीत. काकूंना कुणीतरी फॉरवर्ड पाठवला होता, ‘पाच दिवसांनंतर रोज १०० रुपये मागा’. त्यावरून त्या बँकेत भांडूनही आल्या होत्या. बँकेचं चुकलं नव्हतं, फॉरवर्ड अर्धवट होता.

मग दुकानदार कधी पैसे सोडतो ते बघा

रिफंडचे दिवस तुम्ही वस्तू परत दिल्यापासून मोजायचे नसतात. काकूंची मांडणी गुरुवारी दुपारी कुरिअरवाला घेऊन गेला. शुक्रवारी ती भिवंडीच्या गोदामात पोचली. शनिवारी कुणीतरी खोका उघडून स्क्रू-पट्ट्या मोजल्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला दुकानाच्या माणसाने संगणकावर रिफंडचं बटण दाबलं. दोन दिवस इथेच गेले, आणि त्यात बँकेचा काहीच संबंध नाही. म्हणून दुकानाला पहिला प्रश्न हा विचारा की माल तपासून झाला का आणि रिफंड कोणत्या तारखेला टाकला.

बटण दाबलं म्हणजे पैसे निघाले असंही नाही. आमच्याकडे रिफंड आला की आधी त्या दुकानाच्या शिलकीत तेवढे पैसे आहेत का ते पाहिलं जातं. मागच्या विक्रीचे पैसे आम्ही दुकानाला एव्हाना देऊन टाकलेले असतात, त्यामुळे रिफंडची रक्कम पुढच्या विक्रीतून वळती होते. मोठ्या दुकानाला हे जाणवतही नाही. पण लहान दुकान असेल, आठवडाभर धंदा थंड असेल आणि रिफंड जास्त निघाले असतील, तर रिफंड रांगेत थांबून राहतो. दुकानदार खरोखर सांगत असतो, “ताई, मी केलाय हो.” त्याने केलेला असतो. पुढे गेलेला नसतो, एवढंच.

ऑर्डरच्या पानावर याची खूण दिसते. `Refund Initiated` म्हणजे बटण दाबलंय. `Refund Processed` म्हणजे ते पुढे बँकेकडे गेलंय. सगळी दुकानं हे दोन शब्द प्रामाणिकपणे वेगळे वापरत नाहीत, म्हणून मी शब्दांवर फारशी विसंबत नाही. नंबर मागते. त्याचं पुढे सांगते.

यूपीआयचे पैसे लवकर का येतात

जावेने भरताना पैसे थेट बँक खात्यातून निघाले होते. रिफंड होताना ते त्याच यूपीआयच्या वाटेने त्याच खात्यात जमा होतात. मध्ये फाइल नाही, रात्रीची जुळवाजुळव नाही, सुट्टीही नाही. शनिवारी संध्याकाळी दुकानाने बटण दाबलं, शिलकीत पैसे होते, आमच्याकडून रात्री रिफंडांचा गठ्ठा सुटला आणि सकाळी चहा व्हायच्या आत मेसेज आला. काही तासांपासून दोन-तीन कामाच्या दिवसांपर्यंत, असा माझा अनुभव आहे.

यूपीआयला उशीर होतो तो बहुतेक दोन कारणांनी. एक, ज्या खात्यातून पैसे दिले ते मधल्या काळात बंद केलेलं असतं किंवा गोठलेलं असतं. दोन, तुमच्या बँकेची यंत्रणा त्या क्षणी बंद असते आणि पैसे नाकारले जातात. मग तो रिफंड हाताने करायच्या यादीत जातो आणि तिथून आठवडाभर लागू शकतो.

आणखी एक गंमत. हल्ली रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून पैसे देता येतात. तसे दिले असतील तर रिफंड क्रेडिट कार्डावर जातो, बचत खात्यात नाही. आठवड्यातून एखादा तरी माणूस फोनवर भांडत असतो की यूपीआयचे पैसे आले नाहीत, आणि ते त्याच्या कार्डावर दोन दिवसांपूर्वी जमा झालेले असतात.

कार्डाचे पैसे कुठे फिरतात

कार्ड दाबल्यावर सेकंदात जे होतं ते पैशांचं देणं नसतं, ती परवानगी असते. दुकानाची बँक तुमच्या बँकेला विचारते, एवढी रक्कम आहे का? तुमची बँक हो म्हणते आणि तेवढे पैसे बाजूला ठेवते. तुम्हाला मेसेज येतो, काम झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात दिवसभराचे असे सगळे व्यवहार एका फाइलमध्ये बांधून दुकानाची बँक ते रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या नेटवर्कला पाठवते. नेटवर्क कोणत्या बँकेने कोणाला किती द्यायचे ते काढतं आणि मग बँका आपसात पैसे देतात. दुकानाच्या हातात पैसे साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी येतात. म्हणजे भरतानाही पैशांना वेळ लागतोच. तो तुम्हाला दिसत नाही कारण तुमच्या बाजूने पैसे आधी कापले जातात.

रिफंडमध्ये तुम्ही रांगेच्या दुसऱ्या टोकाला असता, म्हणून तोच वेळ आता तुमच्या वाट्याला येतो. मूळ व्यवहार मागे फिरवला जात नाही. उलट्या दिशेचा एक नवा व्यवहार तयार होतो आणि तो तीच फाइलींची वाट चालतो. शेवटी तुमची बँक तो मूळ खर्चाशी जुळवून पाहते आणि मगच खात्यात टाकते. हल्ली काही बँकांच्या अ‍ॅपमध्ये येऊ घातलेला रिफंड आधीच दिसतो, पण तो दिसला म्हणून वापरता येतोच असं नाही.

काकूंचा प्रवास असा झाला. शनिवारी संध्याकाळी बटण दाबलं, तो महिन्याचा दुसरा शनिवार, बँकांना सुट्टी. रविवार गेला. सोमवारी रिफंड फाइलमध्ये बसून दुकानाच्या बँकेकडे गेला. मंगळवारी नेटवर्कमधून काकूंच्या बँकेकडे. बुधवारी त्यांच्या बँकेत तो जुळवणीत होता, आणि नेमक्या त्याच दिवशी काकू माझ्याकडे आल्या. गुरुवारी रात्री जमा झाला. बटण दाबल्यापासून मोजले तर कामाचे दिवस चारच होतात, पण काकूंच्या हिशेबाने पुरता आठवडा, कारण त्या मांडणी घराबाहेर गेल्यापासून मोजत होत्या.

डेबिट असो वा क्रेडिट, कार्डाला ५ ते ७ कामाचे दिवस धरून चाला. त्याआधी बँकेला फोन केलात तर “थांबा” याशिवाय उत्तर मिळणार नाही, आणि ते उत्तर बरोबरच असतं.

नेट बँकिंगलाही जवळपास तेवढेच दिवस, कारण तिथे प्रत्येक बँकेला वेगळी यादी जाते आणि काही बँकांत ती यादी माणूस बसून टाकतो. वॉलेटचे पैसे बहुतेक त्याच दिवशी येतात, पण वॉलेटमध्येच येतात. माल घेताना रोख दिली असेल तर दुकान तुमचा खाते क्रमांक आणि आयएफएससी मागून पैसे पाठवतं. तिथे उशीर झाला तर आधी तुम्ही दिलेला आकडा पुन्हा वाचून बघा.

क्रेडिट कार्ड असेल तर वेगळीकडे बघा

क्रेडिट कार्डाचा रिफंड तुमच्या बँक खात्यात येत नाही. तो कार्डाच्या देण्यातून वळता होतो. बिल निघून गेलं असेल तर जुन्या बिलात तो दिसणार नाही. अ‍ॅपमध्ये अजून बिल न झालेले व्यवहार बघा, तिथे रकमेपुढे ‘सीआर’ असं लिहिलेलं असतं.

बिल भरायची तारीख जवळ आली असेल आणि रिफंड आला नसेल तर पूर्ण बिल भरून टाका. रिफंड येणारच आहे म्हणून तेवढे पैसे कमी भरले आणि तो तारखेनंतर आला, तर व्याज लागतं, आणि ते रिफंडने माफ होत नाही. रिफंड तारखेआधी आला तर तो भरायच्या रकमेतून लगेच वळता करावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण तो आधी येईल याची हमी कुणीच देत नाही.

खरेदी हप्त्यांवर केली असेल तर रिफंड येऊनही हप्ते चालूच राहिल्याचं मी अनेकदा पाहिलंय. बँकेला स्वतः कळवून हप्ते रद्द करून घ्या. तोवर कापलेलं व्याज बहुधा परत मिळत नाही.

तारीख विचारू नका, नंबर विचारा

नवख्यांना सांगण्यासारखी ही सगळ्यात कामाची गोष्ट. “कधी येणार?” याला दुकानाकडे एकच छापील उत्तर असतं, सात दिवस. त्याऐवजी रिफंडचा बँकेत चालणारा नंबर मागा.

कार्डासाठी तो नंबर म्हणजे एआरएन, २३ आकडी. यूपीआयसाठी आरआरएन, १२ आकडी. लोक त्याला यूटीआरही म्हणतात. दुकान तुम्हाला आधी जो अक्षरं-आकडे मिसळलेला नंबर देतं तो त्यांच्या किंवा आमच्यासारख्यांच्या संगणकातला असतो. बँकेच्या काउंटरवरच्या माणसासमोर तो ठेवला तर तो तुमच्याकडे बघत बसेल, कारण त्याच्या पडद्यावर तो नंबर कुठेच टाकता येत नाही.

एआरएन बटण दाबल्या दाबल्या तयार होत नाही. रिफंड फाइलमध्ये बसून पुढे गेला की मिळतो, म्हणजे दोन-तीन कामाच्या दिवसांनी. म्हणून हा नंबरच सांगतो की गाडी कुठे अडली आहे. तीन-चार कामाचे दिवस झाले आणि दुकान एआरएन देऊ शकत नाही, तर पैसे अजून दुकानाच्याच बाजूला आहेत. तगादा दुकानाला लावा, बँकेत जाऊ नका. एआरएन मिळाला आणि सात कामाचे दिवसही उलटले, तर आता बँकेची पाळी.

काकूंच्या दुकानाला मी एवढंच लिहायला लावलं होतं:

“ऑर्डर क्रमांक अमुक, रक्कम २,३४०, डेबिट कार्डाचे शेवटचे चार आकडे तमुक. माल गुरुवारी परत दिला. रिफंड कोणत्या तारखेला टाकला ते आणि त्याचा एआरएन कळवा.”

अर्ध्या तासात उत्तर आलं. नुसतं “माझे पैसे कुठे आहेत” असं तीनदा विचारून आलं नव्हतं.

बँकेत जाताना एआरएन, मूळ पैसे भरल्याची तारीख आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे लिहून न्या. शाखेतल्या माणसाला एआरएन माहीत नसू शकतो, त्यावरून वाद घालू नका. कार्डाच्या तक्रारी बघणाऱ्या विभागाकडे पाठवा असं सांगा आणि तक्रारीचा नंबर घेऊनच उठा. दरम्यान कार्ड बदललं असेल तरी घाबरायचं कारण नाही. जुन्या कार्डावर आलेला रिफंड बँक त्याच खात्यात टाकते. खातंच बंद केलं असेल तर मात्र पैसे उलटे दुकानाकडे जातात, आणि दुकानाला दुसरं खातं लेखी द्यावं लागतं. नियमाने पैसे मूळ मार्गानेच परत जायला हवेत, तुम्ही संमती दिलीत तरच दुसरीकडे.

दुकान एआरएनही देत नाही आणि उत्तरही देत नाही, तर कार्ड असल्यास तुमच्या बँकेकडे चार्जबॅक मागा, म्हणजे बँकेनेच दुकानाकडून पैसे परत ओढून घ्यावेत अशी मागणी करा, माल परत दिल्याची कुरिअरची पावती जोडून. याला मुदत असते, वर्षभर वाट बघून गेलात तर बँक हात वर करते. सोबत ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. आणि तक्रार बँकेविरुद्ध असेल, बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. हे फुकट आहे आणि त्यासाठी वकील लागत नाही.

वाट बघण्याच्या दिवसांतच फसवतात

हे चार-सहा दिवस माणूस हातघाईवर आलेला असतो आणि नेटवर दुकानाचा कस्टमर केअर नंबर शोधतो. तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. फोन उचलणारा गोड बोलतो, रिफंड आत्ता देतो म्हणतो, एक अ‍ॅप टाकायला सांगतो किंवा यूपीआय पिन टाका म्हणतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. आणि कुठल्याही दुकानाला किंवा आमच्यासारख्या कंपनीला रिफंडसाठी तुमचा ओटीपी किंवा तुमच्या फोनचा पडदा बघण्याची गरज नसते. नंबर घ्यायचा तर तुमच्या ऑर्डरच्या पानावरून किंवा बिलावरूनच घ्या. तरी फसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे मधल्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त.

काकूंना गुरुवारी रात्री साडेदहाला बँकेचा मेसेज आला. त्यात दुकानाचं नाव नव्हतं, दुकानाच्या मालकाच्या कंपनीचं होतं, आणि पुढे ते तेवीस आकडे. शुक्रवारी सकाळी लिफ्टपाशी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “कुणी अनोळखी माणसाने २,३४० टाकलेत गं, परत पाठवू का त्याला?” मी त्यांचा फोन घेतला, दुकानाने पाठवलेला एआरएन काढला आणि दोन्ही नंबर शेजारी धरून आकडा आकडा जुळवून दाखवला.